आर्ग्युमेंट चुकतं कुठे, आणि जुन्या पेपरांनी ते कसं पकडायचं

प्रश्न: अकरावी सायन्सला आहे. कॉम्प्लेक्स नंबर्समध्ये मॉड्युलस बरोबर येतो, पण आर्ग्युमेंट हमखास चुकतं. वर्गसमीकरणात i आला की रूट्सही गडबडतात. जुने पेपर सोडवून फरक पडेल का? कसे सोडवू?

उत्तर:

पडेल, पण घड्याळ लावून अख्खा पेपर सोडवायला बसू नकोस. त्यात या धड्याचे दोन-तीनच प्रश्न असतात, ते चुकतात आणि तू पुढच्या प्रश्नाकडे जातोस. मी अकरावी-बारावीच्या मुलांना घरी गणित शिकवतो. मुलांना मी सांगतो की आधी सात-आठ पेपर गोळा करा आणि फक्त या धड्याचे प्रश्न एका वहीत उतरवून घ्या. आपल्याकडे अकरावीला बोर्डाची परीक्षा नसते, पेपर कॉलेजच काढतं. म्हणून सीनियरकडच्या घटक चाचण्या आणि वार्षिक पेपर मिळतील तेवढे घे. एकाखाली एक लिहिले की दिसतं, आकडे बदलतात, पण प्रश्नांचे साचे तेच तेच असतात.

पहिला साचा हा. `(1 + 7i)/(2 − i)²` याचा मॉड्युलस आणि आर्ग्युमेंट काढा. हा प्रश्न इतक्या पेपरांत भेटतो की आता ओळखीचा पाहुणा वाटतो. छेदाचा वर्ग `3 − 4i`. वर-खाली `3 + 4i` ने गुणलं की वर `−25 + 25i` आणि खाली 25, म्हणजे उत्तर `−1 + i`. मॉड्युलस √2. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर असतं. मग मुलं लिहितात tan⁻¹(1/−1) = −π/4, खाली दोन रेघा मारतात आणि पुढे जातात.

चूक त्या भागाकारातच आहे. 1/−1 आणि −1/1 दोन्ही −1 च. भागाकार केला की उणे चिन्ह वरच्याचं होतं की खालच्याचं, ही माहिती पुसली जाते. कॅल्क्युलेटरवरही tan⁻¹ कायम −π/2 ते π/2 मधलंच उत्तर देतं, म्हणजे बिंदू y-अक्षाच्या उजवीकडे आहे असंच ते धरून चालतं. आपला बिंदू तर डावीकडे वर, दुसऱ्या चरणात. म्हणून मी मुलांना चिन्ह बाजूला ठेवून आधी लघुकोन काढायला लावतो. इथे तो π/4. मग वहीच्या कडेला अक्षांची छोटी फुली, त्यात बिंदूचा एक ठिपका, आणि ठिपका बघून ठरवायचं: दुसऱ्या चरणात π मधून तो कोन वजा. उत्तर 3π/4.

तिसऱ्या-चौथ्या चरणात आणखी एक भानगड आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकात मुख्य आर्ग्युमेंट −π ते π मध्ये घेतात, तर काही पुस्तकांत 0 ते 2π मध्ये. त्यामुळे `−1 − √3 i` चं उत्तर एका पेपराच्या उत्तरपत्रिकेत −2π/3 आणि दुसऱ्यात 4π/3 दिसेल. कोन तोच आहे, फरक 2π चा. स्वतःचं उत्तर खोडण्याआधी एवढं तपास. तुझ्या कॉलेजात कोणती पद्धत चालते ते सरांना एकदा विचार आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

मॉड्युलस तुझा बरोबर येतो, तर त्याचाच पडताळा म्हणून उपयोग कर. वरच्या प्रश्नात `1 + 7i` चा मॉड्युलस √50, आणि `2 − i` चा √5, म्हणून त्याच्या वर्गाचा 5. √50/5 = √2. आकडेमोड न करता मिळालेला √2 आणि शेवटच्या उत्तराचा √2 जुळला, म्हणजे गुणाकार बहुधा नीट झाला आहे. चिन्हाची चूक मात्र यात सापडत नाही, कारण `1 + i` चा मॉड्युलसही √2 च आहे. त्यासाठी ठिपकाच लागतो.

आता वर्गसमीकरण. इथे सगळ्यांना एक वाक्य पाठ असतं: एक रूट a + bi असेल तर दुसरं a − bi. ते खरं आहे, पण सगळे सहगुणक वास्तव असतील तरच. दहावीपासून आपण वास्तव सहगुणकच बघत आलो, म्हणून ही अट कुणाच्या लक्षातच राहत नाही. हे समीकरण घे:

`x² − (3 + i)x + (8 − i) = 0`

विवेचक म्हणजे `(3 + i)² − 4(8 − i)`. पहिला भाग `8 + 6i`, दुसरा `−32 + 4i`, बेरीज `−24 + 10i`. याचं वर्गमूळ a + bi धरू. मग a² − b² = −24 आणि 2ab = 10. तिसरं समीकरण मॉड्युलसमधून येतं: a² + b² = √(576 + 100) = 26. यावरून a² = 1, b² = 25. 2ab धन आहे, म्हणजे a आणि b ची चिन्हं सारखी. वर्गमूळ ±(1 + 5i). इथे ab चं चिन्ह न बघता 1 − 5i लिहिलं की पुढचं सगळं वाया. सूत्रात घातलं की रूट्स मिळतात `2 + 3i` आणि `1 − 2i`. ही दोन्ही एकमेकांची कॉन्जुगेट नाहीत, आणि असायचं कारणही नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलीला पहिलं रूट 2 + 3i बरोबर मिळालं आणि तिने दुसरं न काढताच 2 − 3i लिहून टाकलं. मी म्हटलं, बेरीज कर. बेरीज आली 4, समीकरणात दिसतेय 3 + i. ती स्वतःच हसली आणि खोडरबर शोधायला लागली. बरोबर रूट्सची बेरीज 3 + i येते, आणि गुणाकार `2 − 4i + 3i + 6`, म्हणजे 8 − i. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, प्रत्येक वेळी कर. झेरॉक्सच्या झेरॉक्समधल्या उत्तरपत्रिकेत छापील चुका असतात. त्या पकडायलाही हीच बेरीज-गुणाकाराची युक्ती चालते.

असा प्रश्न सुटला की तो उलटा कर. मनाने दोन रूट्स ठरव, त्यांचं समीकरण बनव आणि दोन दिवसांनी तेच सोडव. वरचं समीकरण मी असंच बनवलंय. मग एका वेळी एकच गोष्ट बदल: सहगुणक वास्तव ठेव आणि फक्त 2 + 3i दे. दुसरं रूट आता खरोखर 2 − 3i, आणि समीकरण `x² − 4x + 13 = 0`. ही दोन समीकरणं वहीत शेजारी शेजारी ठेवलीस की कॉन्जुगेटची अट वेगळी पाठ करावी लागणार नाही.

सीबीएसईचे जुने पेपर वापरणार असशील तर एक सांगतो. एनसीईआरटीने अभ्यासक्रम कमी केला तेव्हा या धड्यातला पोलर रूपाचा आणि वर्गसमीकरणाचा भाग वगळला. त्यामुळे जुन्या शालेय पेपरांत असे प्रश्न भरपूर आणि नव्यांत कमी दिसतील. म्हणून ते सोडून देऊ नकोस, जेईई मेनच्या अभ्यासक्रमात मॉड्युलस, आर्ग्युमेंट आणि वर्गसमीकरणं आहेतच. आपल्या सीईटीतही अकरावीच्या ज्या मोजक्या धड्यांवर प्रश्न येतात, त्यांत हा धडा आहे. तिथे चार पर्यायांत −π/4 आणि 3π/4 दोन्ही शेजारी छापलेले असले तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस.