क्रेन थांबते ती वेग कमी पडतो म्हणून नाही

*सर, मी नागपुरात ईअँडटीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर हिंगण्याला. कॉलेजच्या सेमिनारमध्ये कारखाने आणि बंदरांच्या प्रायव्हेट फाइव्ह जी नेटवर्कबद्दल ऐकलं, तेव्हापासून त्यातच प्रोजेक्ट करावासा वाटतोय. पण माझे काका बुटीबोरीच्या एका कंपनीत आयटी सांभाळतात. ते म्हणतात, "चांगलं वायफाय लावलं की भागतं, आता तर वायफाय सेव्हन आलंय. हे सगळं विकायचं नाव आहे." खरं काय? आणि शिकायचं तर नेमकं काय शिकू?*
*— एक विद्यार्थिनी, हिंगणा*

तुझे काका त्यांच्या कंपनीपुरते बरोबर असतील. ऑफिस, स्टोअर, जागेवर बसवलेली मशिनं, पॅकिंगच्या टेबलावरचे स्कॅनर, एवढंच असेल तर वायफाय पुरतं, आणि जे मशीन हलतच नाही त्याला सरळ केबल ओढावी. प्रश्न येतो तो हलणाऱ्या यंत्राचा, तेही लोखंडाच्या गर्दीत. म्हणून कारखान्यापेक्षा कंटेनर यार्डचं उदाहरण घेतो. नागपूरला समुद्र नसला तरी कंटेनर डेपो आहे, तेव्हा हे चित्र तुला परकं नाही.

समुपदेशनात येण्याआधी मी बरीच वर्षं औद्योगिक नेटवर्कची कामं केली. अशाच एका डेपोत आम्ही वायफाय बसवलं होतं. कंटेनर उचलणाऱ्या रीच स्टॅकरवर टॅब होता आणि कुठला डबा कुठे ठेवायचा ते त्यावर यायचं. रविवारी यार्ड अर्धं रिकामं होतं, तेव्हा चाचणी घेतली. सगळीकडे सिग्नल भरपूर. मंगळवारी मालगाडीचा रेक लागला, डबे पाच-पाचाच्या थप्पीने रचले गेले आणि तिसऱ्या गल्लीत टॅब अडकायला लागला. एक डबा साधारण २.६ मीटर उंच, म्हणजे पाच डब्यांची १३ मीटरची लोखंडी भिंत उभी राहिली होती आणि आमचे अँटेना ८ मीटरवर होते. शिवाय ती भिंत रोज जागा बदलायची. दोष आमच्या सर्व्हेचा होता, आम्ही रिकामं यार्ड मोजलं होतं.

मग आम्ही ॲक्सेस पॉइंट वाढवले. त्याने सावल्या कमी झाल्या, पण दुसरंच दुखणं सुरू झालं, आणि वायफाय आणि फाइव्ह जीमधला खरा फरक मला तिथे कळला.

वायफायमध्ये एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे उपकरण स्वतः ठरवतं. नेटवर्क सुचवू शकतं, यादी देऊ शकतं, पण शेवटचा निर्णय टॅबमधल्या चिपचा. ती बहुतेकदा जुन्यालाच चिकटून राहते. सिग्नल अगदी मेला की मग शोधाशोध, नवी जोडणी, पुन्हा ओळख पटवणं. सगळं नीट जुळवलं असेल तर हे ५० मिलिसेकंदांत उरकतं, जुळवलं नसेल तर सेकंदभरही जातो. बोलण्याची पाळीही तशीच: प्रत्येक उपकरण हवेत कोणी बोलतंय का ते ऐकतं, शांतता दिसली की थोडं थांबून बोलतं. आठ-दहा उपकरणं असली तर छान चालतं. पण गर्दी झाली, किंवा गेटवर उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरांनी मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू केले, की कोणाला किती थांबावं लागेल हे कोणी सांगू शकत नाही. हॉटस्पॉट बंद करा असंही म्हणता येत नाही, कारण तो पट्टा सगळ्यांना मोकळा आहे.

फाइव्ह जीमध्ये दोन्ही निर्णय नेटवर्ककडे असतात. कोणी कधी बोलायचं ते बेस स्टेशन दर अर्ध्या मिलिसेकंदाच्या स्लॉटला वाटून देतं. उपकरण शेजारच्या सेलचा सिग्नल मोजून कळवत राहतं, नेटवर्क पुढच्या सेलमध्ये आधी जागा तयार करतं आणि मगच "आता जा" म्हणतं. खंड पडतो तो शंभर मिलिसेकंदांच्या आतला, आणि दर वेळी जवळपास तेवढाच. शिवाय स्पेक्ट्रम परवान्याचा असल्यामुळे त्यात दुसऱ्या कोणाचा हॉटस्पॉट येत नाही.

आता हे क्रेनला लावून बघ. रबर टायरवर चालणारी यार्ड क्रेन, ऑपरेटर तिच्यावर न बसता कंट्रोल रूममधून स्क्रीन बघून चालवतो. धरून चालू की यार्डचा पट्टा ४०० मीटरचा आहे आणि क्रेन मिनिटाला १३० मीटर धावते. म्हणजे टोकापासून टोकाला जायला तीन मिनिटं. दर ६० मीटरला ॲक्सेस पॉइंट ठेवला तर त्या तीन मिनिटांत सहा वेळा जोडणी बदलणार. क्रेनचा पीएलसी, म्हणजे तिची हालचाल सांभाळणारा छोटा संगणक, आणि कंट्रोल रूम एकमेकांना सतत "मी आहे" असं कळवत असतात, आणि ठरलेल्या वेळेत, समज २०० मिलिसेकंदांत, तो निरोप आला नाही तर पीएलसी क्रेन थांबवतो. ते बरोबरच आहे, खाली माणूस असू शकतो. आता सहापैकी पाच बदल ४० मिलिसेकंदांत झाले आणि एक ३०० मध्ये, तर सरासरी निघते ८३ मिलिसेकंद. कागदावर ठीक दिसते. पण क्रेन थांबली, ऑपरेटरने रीसेट केलं, खाली ट्रकांची रांग लागली. म्हणून या क्षेत्रात सरासरी विचारू नये, सर्वांत वाईट आकडा विचारावा.

काकांच्या वायफाय सेव्हनबद्दल. वायफाय सिक्सपासून ॲक्सेस पॉइंटही पाळ्या वाटू शकतो आणि सेव्हनमध्ये एकाच वेळी दोन पट्ट्यांवर जोडणी ठेवता येते. सुधारणा खऱ्या आहेत, गोदामात त्या दिसतातही. पण पट्टा मोकळाच राहतो आणि जोडणी बदलण्याचा शेवटचा शब्द उपकरणाचाच राहतो.

सेमिनारमध्ये "एक मिलिसेकंद" असं काही ऐकलं असशील तर ते बाजूला ठेव. आजच्या खऱ्या यार्डात जाऊन-येऊन १० ते २० मिलिसेकंद मिळाले तर काम चांगलं झालं म्हणतात. लोखंडाची सावली फाइव्ह जीलाही पडते. फरक एवढाच की उंच खांबावरून जास्त शक्तीने पाठवता येतं, म्हणून सहा-सात ॲक्सेस पॉइंटांच्या जागी दोन-तीन खांबांत भागतं.

आणि सेमिनारमध्ये सहसा न सांगितली जाणारी मोठी अडचण म्हणजे अपलिंक, उपकरणाकडून नेटवर्ककडे वर पाठवण्याची वाट. मोबाइलवर आपण व्हिडिओ बघतो, म्हणून नेटवर्कचा बहुतेक वेळ खाली पाठवण्यासाठी राखलेला असतो. नेहमीच्या मांडणीत पाच स्लॉटपैकी तीन पूर्ण खालचे, एक मिश्र आणि वर पाठवायला फक्त एक. क्रेनचं उलटं असतं: तिला निरोप थोडे येतात आणि ती कॅमेऱ्यांचं चित्र सतत वर पाठवते. आठ कॅमेरे, प्रत्येकी ५ मेगाबिट, म्हणजे एका क्रेनचे ४०. तीन क्रेन झाल्या की १२०, आणि एका सेलची वरची वाट तिथे दाटायला लागते, कडेला तर त्याआधीच. स्लॉटची मांडणी आपल्या मनाने उलटी करता येत नाही, कारण शेजारच्या पट्ट्यातल्या ऑपरेटरचं नेटवर्क त्याच तालावर चालतं आणि ताल चुकला की दोघांचा एकमेकांना त्रास. हा दोष ओळखायचा कसा? टॅबवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण, पिंग बरं, पण कॅमेऱ्याचं चित्र चौकोन-चौकोन होऊन फाटतं. नवखा माणूस अशा वेळी अँटेना बदलायला धावतो. तुला आधी अपलिंकचा भार बघता आला पाहिजे.

भारतात दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये यासाठी नियम काढले, त्यात या नेटवर्कला सीएनपीएन असं नाव आहे. मोबाइल ऑपरेटरकडून नेटवर्क उभारून घेणं, त्याच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेणं किंवा थेट सरकारकडून मिळवणं, असे मार्ग त्यात आहेत. थेट मार्गासाठी कंपनीची नेटवर्थ १०० कोटींहून जास्त असावी, अशी अट त्या नियमांत होती. आपल्या राज्यातलं उदाहरण चाकणचं. महिंद्राच्या कारखान्यात एअरटेल आणि टेक महिंद्राने २०२२ मध्ये फाइव्ह जी बसवलं, आणि गाडी बाहेर पडण्याआधी तिच्यात सॉफ्टवेअर भरण्याचं काम त्यावर घेतलं.

आता शिकायचं काय. पहिलं काम याच आठवड्यात, पैसे न घालता. लिनक्सचा लॅपटॉप घे, कॉलेजच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांची परवानगी घे आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चालत जा. दोन टर्मिनलमध्ये हे चालू ठेव (पत्ता तुमच्या गेटवेचा घाल):

```
sudo ping -D -i 0.02 192.168.1.1
iw event -t
```

पहिली ओळ सेकंदाला ५० पिंग पाठवते आणि प्रत्येकाची वेळ छापते. दुसरी जोडणी कधी तुटली, कधी जुळली ते दाखवते. `icmp_seq` चे सलग १५ आकडे गायब दिसले तर ३०० मिलिसेकंदांचा खंड पडला. तो क्षण दुसऱ्या टर्मिनलमधल्या वेळेशी जुळतो का ते बघ. चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी मोज, मधल्या सुट्टीच्या गर्दीत तर नक्कीच.

दुसरं, Open5GS आणि UERANSIM. पहिल्यात फाइव्ह जीचा कोअर लॅपटॉपवर उभा राहतो, दुसरं खोटं बेस स्टेशन आणि खोटा फोन बनवतं. Wireshark लावून नोंदणीचे निरोप एकेक करून वाच: सिमची ओळख कुठे पटते, डेटाची वाट कुठे उघडते. डेटा पुढे पाठवणारा UPF नावाचा भाग कारखान्याच्या आतच ठेवला की डेटा कुंपणाबाहेर जात नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसेल. यात रेडिओ नाही, म्हणून परवान्याचा प्रश्न येत नाही. पण हौसेने एसडीआर बोर्ड आणून खऱ्या पट्ट्यावर प्रसारण करू नकोस. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, प्रोजेक्टचं कारण चालत नाही.

तिसरं, पीएलसी. हे तुझ्या शाखेत फार कोणी शिकत नाही, म्हणूनच सांगतो. क्रेन का थांबली याचं उत्तर अर्ध्या वेळा रेडिओत नसतं, पीएलसीच्या वॉचडॉगच्या आकड्यात, म्हणजे "मी आहे" या निरोपाची तो किती वेळ वाट बघतो त्यात असतं. दोन्ही बाजू वाचता येणारी मुलं मला कमी भेटली. आणि "प्रायव्हेट फाइव्ह जी इंजिनिअर" एवढ्याच शब्दांनी नागपुरात जाहिराती शोधत बसू नकोस. ऑपरेटरांचे एंटरप्राइज विभाग, नेटवर्क उभारून देणाऱ्या इंटिग्रेटर कंपन्या आणि कारखान्यांचे ऑटोमेशन विभाग, तिघांकडे बघ. पहिली नोकरी पुणे किंवा मुंबईला लागण्याची मनाची तयारी ठेव.

प्रोजेक्टचा विषय तुझ्या घरातच आहे. कॉलेजमधल्या मोजणीचा आलेख काकांना दाखव आणि विचार, त्यांच्या गोदामातल्या फोर्कलिफ्टवर एक दिवस लॅपटॉप बांधू देतील का. गोदाम भरलेलं असेल तो दिवस माग.