काजव्याची ओळख पटते ती थांबण्यावरून

आम्ही न्यू जर्सीत राहतो. जूनमध्ये अंगणातले काजवे उडताना इंग्रजी 'जे' अक्षरासारखी रेघ ओढतात, आणि दर पाच-सहा सेकंदांनी तीच रेघ पुन्हा. ते नेमकं काय सांगत असतात?

तुमच्या अंगणातला हा काजवा बहुधा फोटिनस पायरॅलिस. अमेरिकेच्या पूर्व भागात तो सगळ्यात सहज दिसतो. चमकताना तो आधी खाली झुकतो आणि मग वर उसळतो, म्हणून तिकडे त्याला 'बिग डिपर' म्हणतात. उसळी घेताना दिवा पेटलेलाच असतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ती वळलेली रेघ दिसते. चमक साधारण अर्ध्या सेकंदाची असते. मग दिवा मालवतो, आणि एका चमकेपासून दुसरीपर्यंत पाच-सहा सेकंद जातात.

उडताना दिसतात ते नर. मादी खाली गवतात, एखाद्या पात्याच्या टोकाजवळ बसलेली असते. तिला पंख असतात, पण ती सहसा उडत नाही. नराला पोटाखाली शेवटाकडचे दोन खंड दिव्याचे असतात, तिला एकच. एखादी मादी सापडली तर जवळ बसून पाहा. वरून नर चमकला की ती लगेच उत्तर देत नाही. पोटाचं टोक हळूच वळवते, दिव्याची बाजू नराकडे करते, आणि नराच्या चमकेनंतर साधारण दोन सेकंदांनी एकदाच उजळते.

त्या अंधाराच्या वेळात नर खालच्या गवताकडेच पाहत असतो. दोन सेकंदांच्या आसपास उत्तर आलं, तर तो वळतो, थोडा खाली येतो आणि पुन्हा चमकतो. ती पुन्हा तितकाच वेळ घेऊन उत्तर देते. अशा पाच-दहा फेऱ्या झाल्या की तो गवतावर उतरतो आणि उरलेलं अंतर चालत कापतो.

म्हणजे इथे खुणा दोन आहेत. नराची खूण त्याच्या चमकेत आहे: किती वेळ, किती वेळाने, किती वेळा. मादीची खूण चमकेत नाही, कारण अनेक जातींच्या माद्यांची चमक अगदी सारखी दिसते. तिची खूण आहे ती थांबण्यात. नराला कळतं ते एवढंच की उत्तर वेळेवर आलं की नाही.

माझा मुलगा म्हणतो, टॉर्चने काजव्याला बोलावता येतं. खरंच येतं का?

येतं, आणि मुलाला जरूर करू द्या. फ्रँक मॅकडरमॉट नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९१०च्या सुमारास अशाच छोट्या कृत्रिम दिव्यांनी नरांना बोलावून पाहिलं होतं. नर उत्तराच्या वेळेकडे किती बारकाईने पाहतो, ते अशा प्रयोगांतून उलगडत गेलं.

छोटा, मंद टॉर्च घ्या. त्याच्या तोंडावर पिवळा पातळ कागद लावा. संध्याकाळी दिवसाचा उजेड जरा शिल्लक असतानाच बाहेर पडा, कारण हा काजवा पूर्ण काळोखाची वाट पाहत नाही. टॉर्च गवताच्या पात्यांमध्ये, जमिनीलगत धरा. एक नर ठरवा आणि नजर त्याच्यावरच ठेवा. तो चमकला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा आणि बटण क्षणभर दाबून सोडा. पहिल्या उत्तरालाच तो वळला तर दिसेल, पण दोन-तीन फेऱ्या द्या. वेळ बरोबर जमली तर तो टॉर्चपाशी येऊन उतरतो.

मग मुद्दाम चुका करा. तो चमकल्याबरोबर टॉर्च लावा, किंवा चार सेकंद थांबून लावा. दिवा तोच, रंग तोच, जागा तीच, पण नर तसाच पुढे निघून जातो.

बहुतेकांचं गणित बिघडतं ते गारव्यामुळे. वर दिलेले दोन सेकंद हे २४-२५ अंश सेल्सिअसच्या संध्याकाळचे आहेत. गारवा वाढला की किड्याचं शरीर मंदावतं आणि मादीचं थांबणं लांबतं. नरही त्याच हवेत असतो, त्यामुळे त्याचा ठोकाही तसाच लांबतो आणि दोघांचा मेळ टिकतो. बिघडतो फक्त आपला, कारण आपण घड्याळ धरून बसलेलो असतो. गार संध्याकाळी आधी एखादी खरी मादी शोधा, तिचं थांबणं मोजा आणि तेवढंच थांबा.

एकाच कुरणात चार जातींचे काजवे असले तर गोंधळ होत नाही का?

फार कमी होतो. बरीचशी गाठभेट आधीच टळलेली असते. कुणी तिन्हीसांजेला उडतो, कुणी रात्र झाल्यावर. कुणी गवतालगत, तर कुणी झाडाच्या शेंड्याशी. रंगही मदतीला येतो. संध्याकाळी उडणाऱ्या जातींचा उजेड पिवळ्याकडे झुकतो, तर उशिरा उडणाऱ्यांचा हिरव्याकडे. तिन्हीसांजेला झाडापानांवरून परतणारा उजेड हिरवट असतो, त्यावर पिवळी चमक उठून दिसते. त्या जातींचे डोळेही त्याच पिवळ्याला जास्त जागे असतात.

तरीही एकाच वेळी, एकाच उंचीवर दोन जाती येतातच. अशा वेळी काम करतो तो ठेका. मला यातली सगळ्यात सुंदर जोडी वाटते ती फोटिनस कन्सँग्विनियस आणि फोटिनस मॅकडरमॉटी यांची (दुसऱ्याचं नाव त्याच मॅकडरमॉट यांच्यावरून). दिसायला दोघे जवळपास एकसारखे, आणि दोघांचेही नर दोन चमका देतात. पण पहिल्याच्या दोन चमकांत साधारण अर्ध्या सेकंदाचं अंतर, तर दुसऱ्याच्या दोन सेकंदांचं. दोन्ही जातींच्या माद्या दुसऱ्या चमकेनंतर सुमारे एका सेकंदाने उत्तर देतात. म्हणजे इथे मादीचं थांबणं सारखं आहे, आणि निवाडा करते ती मादीच. तिच्या जातीच्या अंतराने दोन चमका आल्या तरच ती उजळते. नाहीतर गवतात गप्प बसून राहते, आणि परक्या नराला ती तिथे आहे याचा पत्ताही लागत नाही.

मादी काजवा नराला खाते असं वाचलं. हे कसं काय?

स्वतःच्या जातीच्या नराला नाही, दुसऱ्याच्या. फोट्युरिस नावाच्या मोठ्या, लांब पायांच्या काजव्यांमध्ये मादीचं मीलन झालं की ती शिकारीला बसते. फोटिनसचा नर चमकला की ती त्याच्या जातीच्या मादीइतकंच थांबते आणि उत्तर देते. नराला वाटतं आपलीच. तो उतरतो आणि ती त्याला पकडून खाते. जेम्स लॉइड या कीटकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनीच दाखवलं की एकच मादी समोरचा नर पाहून एकापेक्षा जास्त जातींची उत्तरं देऊ शकते.

यात पोट भरण्यापलीकडचा हिशेबही आहे. फोटिनसच्या अंगात ल्युसिबुफॅजिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात, त्यामुळे कोळी आणि पक्षी त्याला टाळतात. फोट्युरिसच्या मादीला ती नराला खाऊन मिळतात. थॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की असं खाल्लेल्या माद्यांना कोळी नाकारतात.

आता नराच्या बाजूने विचार करा. उत्तर वेळेवर आलं एवढ्यावर विसंबला तर जीव जाऊ शकतो, आणि फार शंका घेत बसला तर दुसरा नर आधी पोहोचतो. म्हणून तो थेट मादीवर उतरत नाही. जरा अंतर राखून उतरतो, पुन्हा विचारतो, थबकतो, मग पुढे सरकतो. पुष्कळ नर ऐनवेळी उडून जातात.

मे अखेरीस भंडारदऱ्याला गेलो होतो. एका झाडावरचे हजारो काजवे एकदम पेटत आणि एकदम विझत होते. मग मादीला त्यातला एक नर कसा ओळखू येतो?

एकदम पेटतात म्हणूनच तिला आपली जात ओळखू येते. हजार नर आपापल्या वेळेने चमकले, तर मादीला ठेका ऐकूच येणार नाही, नुसती लुकलुक दिसेल. एकाची चमक दुसऱ्याच्या अंधारात घुसेल, आणि ज्या अंतरावरून जात ओळखायची तेच पुसलं जाईल.

याची चाचणी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातल्या फोटिनस कॅरोलिनस या एकसाथ चमकणाऱ्या काजव्यावर झाली आहे. त्याचे नर पाच ते आठ चमका ओळीने देतात आणि मग सगळे मिळून काही सेकंद काळोख ठेवतात. मादी उत्तर देते ते त्या काळोखात. अँड्र्यू मोइसेफ आणि जोनाथन कोपलँड यांनी प्रयोगशाळेत मादीभोवती छोटे एलईडी दिवे मांडले आणि जातीच्या ठेक्यात चमकवले. सगळे एकसाथ चमकले तेव्हा मादीने ८० टक्क्यांहून जास्त वेळा उत्तर दिलं. तेच दिवे, त्याच ठेक्यात, पण एकमेकांच्या मागेपुढे चमकवले, तर उत्तर १० टक्क्यांच्याही खाली गेलं. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं.

भंडारदरा-घाटघर भागातले काजवे वेगळ्या वंशाचे. ते हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर बसून चमकतात. पण अडचण तीच: गर्दीत ठेका जपायचा कसा. पुढच्या वेळी गेलात तर एका फांदीवर नजर रोखा. सगळं झाड एका क्षणी पेटत नाही, लाट सरकत गेल्यासारखं दिसतं, कारण प्रत्येक नर शेजाऱ्याची चमक पाहून आपली वेळ जुळवत असतो. तेवढ्यात एखाद्या गाडीचा हेडलाइट झाडावर पडला, तर त्या बाजूची लाट तुटते आणि परत जुळायला वेळ लागतो. गाडी दूरच उभी करून दिवे बंद ठेवले, तर हे सगळं नीट पाहता येतं.

पावसात बांधावर एक अळी सतत हिरवी मिणमिणताना दिसली. तिला ठेका का नाही?

ती काजव्याची अळी असावी. गोगलगायी खाऊन ती वाढते. तिला जोडीदार शोधायचा नसतो, त्यामुळे कुणाच्या उत्तराची वाट पाहायची नसते. तिचा उजेड बेडूक-कोळ्यांना सांगायला असतो की मी कडू आहे. त्याला ठेका लागत नाही, दिसला म्हणजे झालं.