मुलुंडचा जुना फ्लॅट, बीमला चीर आणि इंजिनिअरचे 7,500

"नमस्कार सर, मुलुंड पूर्वला 1984 च्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके बघितलाय. भाडं 32 हजार, डिपॉझिट 2 लाख, नवीन बिल्डिंगमध्ये हेच 40 हजार आणि अडीच लाख आहे. बाथरूमच्या बाजूच्या बेडरूमच्या भिंतीला वरती ओल आहे, तिथल्याच बीमला खालून लांब चीर आहे आणि तपकिरी डाग. खिडकीच्या कोपऱ्यातून पण तिरकी बारीक चीर गेलीये. मालक म्हणतात रंग मारून देतो. ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून जायचे 7,500 सांगितलेत. खर्च करू का? ब्रोकर रविवारपर्यंत 10 हजार टोकन मागतोय."

नमस्कार ताई,

टोकन रविवारी देऊ नका, हे आधी. आता पैशाचं बघू. ब्रोकरेज एका महिन्याचं आणि सामान हलवायला 18 हजार धरले तर नवीन बिल्डिंगमध्ये 11 महिन्यांचा एकूण खर्च 4 लाख 98 हजार होतो, या फ्लॅटमध्ये 4 लाख 2 हजार. म्हणजे 96 हजार वाचतात, ही काही छोटी रक्कम नाही, त्यामुळे जुनी बिल्डिंग म्हणून लगेच फुली मारा असं मी म्हणणार नाही. पण समजा चौथ्या महिन्यात बिल्डिंग खाली करायची वेळ आली आणि तुम्ही 40 हजारवाल्या घरात गेलात, तर परत ब्रोकरेज, परत टेम्पो, एकूण 5 लाख 16 हजार. सरळ नवीन घर घेण्यापेक्षा 18 हजार जास्त, एवढंच. खरा धोका त्यात नाही, तो डिपॉझिटमध्ये आहे. मालकाचं भाडं बंद झालेलं असतं, स्वतःच्या घराची चिंता असते, तो तुमचे 2 लाख कुठून काढणार, आणि तुम्हाला मात्र त्याच आठवड्यात नवीन घरासाठी अडीच लाख हवे असतात. माझ्या मोठ्या भावाचं विक्रोळीत हेच झालं, नोटीस आली, घर सोडलं, डिपॉझिट मिळायला सात महिने लागले आणि तोपर्यंत पर्सनल लोनचे हप्ते भरत होता. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला रिडेव्हलपमेंटमध्ये काही हक्क नसतो, त्यामुळे सोसायटीत दाद मागायलाही जागा नसते.

आता चिरा. खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी बारीक चीर जवळपास प्रत्येक घरात सापडते, तिथे ताण येतो आणि प्लास्टर फाटतं. चिरेच्या आत जुना रंग गेलेला दिसला तर ती जुनी, थांबलेली. कडा धारदार आणि आतलं प्लास्टर ताजं दिसलं तर नवीन. एटीएम कार्डाची कड आत शिरत असेल किंवा तशीच चीर वरच्या-खालच्या मजल्यावर त्याच जागी असेल तरच काळजी. भिंत आणि बीमच्या जोडावर आडवी सरळ चीर असते तीही बहुतेक वेळा नुसती जोडाची असते.

बीमच्या खालची मात्र वेगळी गोष्ट आहे. ती बीमच्या लांबीला धरून चाललीये आणि सोबत तपकिरी डाग आहे, म्हणजे आतली सळई गंजतेय. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या कितीतरी पट, आणि सळईच्या रेषेतच वरचं काँक्रीट फोडतं, म्हणून चीर अशी सरळ जाते. आणि तुम्ही एप्रिलमध्ये बघितलंय ना, पावसाला अजून दीड-दोन महिने आहेत, तरी भिंत ओली आहे. म्हणजे हे पाणी पावसाचं नाही, बहुतेक वरच्या बाथरूमचं आहे. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे टाकून कोबा भरलेला असतो, एकदा वॉटरप्रूफिंग गेलं की तो भराव पाणी धरून ठेवतो आणि खालचा बीम बारा महिने भिजत राहतो. रंग मारला तर डाग झाकेल, गंज चालूच राहील. ओलीवर पांढरी मिठासारखी पावडर फुटलेली असेल तर समजायचं की पाणी बऱ्याच काळापासून झिरपतंय.

शनिवारी परत जा, दहा रुपयांचं नाणं घेऊन. स्टुलावर बीमच्या बाजूला उभं राहून, बरोबर खाली नाही, चिरेच्या आजूबाजूला हलकेच टकटक करा. भरीव काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं असेल तर पोकळ, डबा वाजवल्यासारखं. पोकळ वाजलं तर अजून जोरात ठोकू नका, तुकडा अंगावर येतो. नंतर खाली पार्किंगमध्ये जाऊन कॉलम बघा, तिथेही तळाशी उभ्या चिरा किंवा उघडी सळई असेल तर हा एका बाथरूमचा प्रश्न राहिला नाही. कुठे लोखंडी टेकू लावलेत का तेही बघा.

आता इंजिनिअर. तो तुमच्या एका खोलीत येऊन बीम बघून सांगेल, पण बिल्डिंग सुरक्षित आहे असं 7,500 मध्ये कोणी प्रामाणिक माणूस लिहून देणार नाही, त्यासाठी सगळे कॉलम बघून हातोड्याची, अल्ट्रासोनिकची वगैरे टेस्ट करावी लागते. ते काम सोसायटीचं आहे. मुंबईत 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, महापालिका कायद्याचं कलम 353 ब, आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे एवढ्या जुन्या बिल्डिंगचं दर 3 वर्षांनी. म्हणून आधी मालकामार्फत सेक्रेटरीकडून शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागवा, याला एक रुपया लागत नाही. त्यात कॅटेगरी असते. सी 1 म्हणजे धोकादायक, खाली करून पाडायची, विषय संपला. सी 2 ए म्हणजे मोठी दुरुस्ती, काही भाग खाली करून, तिथेही मी नाही म्हणेन. सी 2 बी म्हणजे घर खाली न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी 3 म्हणजे किरकोळ.

रिपोर्ट गेल्या 3 वर्षांतला, सी 2 बी किंवा सी 3, पार्किंगचे कॉलम बरे, आणि शंका फक्त तुमच्या बीमची, तर इंजिनिअरला जरूर बोलवा, 96 हजारांच्या बचतीपुढे 7,500 योग्यच आहेत. त्याला रिपोर्ट आधी पाठवा आणि एकच विचारा, हा बीम रिपोर्टमध्ये आलाय का, त्याची दुरुस्ती झालीये का. पण 40 वर्षांवरच्या बिल्डिंगचा रिपोर्टच नाही, किंवा आहे पण दाखवत नाहीत, तर इंजिनिअरवर पैसे घालवू नका, घर सोडा. एका बीमवर बरं मत मिळालं म्हणून बाकीची बिल्डिंग कळत नाही.

घेतलंत तर मालकाशी हे ठरवा: वरचं बाथरूम आणि बीमची दुरुस्ती ताबा घेण्याआधी, गंजलेली सळई उघडी करून, साफ करून, मगच भरायची, नुसती पुट्टी नको. डिपॉझिट 2 लाखांऐवजी 1 लाख मागा, कारण अडकलं तर निदान तेवढंच अडकेल. आणि करारात एक कलम टाका, महापालिकेची नोटीस आली किंवा बिल्डिंग खाली करायला सांगितलं तर लॉक-इन संपला आणि घराचा ताबा देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत. ओलीचे आणि चिरांचे तारखेसहित फोटो कराराला जोडा, नाहीतर जाताना तेच डाग तुमच्या नावावर दाखवून पैसे कापतात.

रिपोर्ट मिळाला तर कॅटेगरीचं पान आणि बीम-कॉलमच्या फोटोंची पानं मला पाठवा, रविवारच्या आत बघून सांगतो. ब्रोकरला सांगा, रिपोर्ट आला की टोकन.