मोठ्या कंपनीला संयुक्त मार्केटिंगचा मेल: भागीदारी नको, एक हंगाम मागा

प्रश्न: आमची नाशिकची पाच जणांची कंपनी द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा मोजून डाऊनी रोगाचा इशारा देणारे यंत्र बनवते. ठिबकच्या एका मोठ्या कंपनीला संयुक्त मार्केटिंगसाठी तीन मेल पाठवले, एकाचेही उत्तर आले नाही. मेलमध्ये नेमके काय लिहावे?

उत्तर: असाच एक मेल मीही काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीला पाठवला होता. त्यात सात पानांचे सादरीकरण होते आणि "तुमच्या ग्राहकांपर्यंत पोहोचण्याची संधी मिळावी" असे वाक्य होते. संधी कोणाला मिळणार, तर आम्हाला. त्यांना काय मिळणार, याचा उल्लेख सात पानांत कुठेच नव्हता. शिवाय मेल नोव्हेंबरमध्ये गेला, तोवर छाटण्या उरकल्या होत्या आणि त्या हंगामाचा खर्चही वाटून झाला होता.

म्हणून आधी त्यांची अडचण शोधा. ठिबक एकदा बसवले की कंपनीच्या माणसाला त्या बागेत पुन्हा जायला फारसे निमित्त उरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कोवळी फूट ते फुलोरा या काळात पाऊस झाला किंवा पाने बराच वेळ ओली राहिली, तर डाऊनीची धास्ती असते. नेमका तेव्हाच बागायतदार तुमचा इशारा रोज पाहतो. तुमच्याकडे आहे ते हे रोजचे लक्ष, आणि त्यांच्याकडे आहे ते विक्रेत्यांचे जाळे व नावावरचा विश्वास; प्रस्ताव या देवाणघेवाणीवरच उभा राहिला पाहिजे.

मेल मुख्यालयाच्या सामाईक पत्त्यावर किंवा थेट संचालकांना पाठवू नका. विभागीय मार्केटिंग व्यवस्थापकाला जूनच्या अखेरीस पाठवा, म्हणजे हंगामाआधी मंजुरीला दोन महिने मिळतात. तो माणूस स्वतःच्या अधिकारात फारसे ठरवू शकत नाही आणि मेल वरिष्ठांकडे, हिशेब विभागाकडे, कायदा विभागाकडे पुढे पाठवतो. त्यामुळे सोबत त्याने काही समजावून न सांगताही कळेल, असाच मजकूर हवा. इंग्रजीत लिहिलात तरी आशय साधारण असा असावा (आकडे तुमचे घाला):

> विषय: दिंडोरी-निफाड, फळछाटणी हंगाम: चार संयुक्त शिवारफेऱ्या
>
> महोदय,
> दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील १४० बागांत आमची यंत्रे आहेत. त्यांपैकी ९० बागांत आपल्या कंपनीचे ठिबक आहे.
> सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यांपैकी चार बागांत, आपल्या विक्रेत्यांसह, प्रत्येकी सुमारे ४० बागायतदारांची शिवारफेरी घ्यावी, असा प्रस्ताव आहे. बाग, यंत्र आणि माहिती देणारा माणूस आमचा. निमंत्रण आणि ठिबक देखभालीचे प्रात्यक्षिक आपले. एकूण खर्च अंदाजे ३६,००० रुपये, निम्मा-निम्मा.
> ज्यांनी लेखी संमती दिली त्यांचीच नावे दोघांकडे राहतील. आपले बोधचिन्ह आपल्या लेखी मंजुरीशिवाय वापरणार नाही.
> नोव्हेंबरअखेर किती जणांनी देखभालीची मागणी केली आणि किती जणांनी यंत्र घेतले, हे पाहून पुढचे ठरवू.
> पुढील आठवड्यात वीस मिनिटे बोलता येईल का?

यातले सर्वांत वजनदार वाक्य ९० बागांचे आहे. ते लिहिण्याआधी एक सकाळ घालवून प्रत्येक बागायतदाराला फोन करा आणि ठिबक कोणाचे आहे ते विचारा; हा आकडा चुकला तर त्यांचाच विक्रेता तो पहिल्या बैठकीत खोडेल.

खर्च निम्मा-निम्मा का, तर "सगळे आम्हीच करतो" म्हटले की समोरचा ते फुकटातले समजून विसरतो आणि "सगळे तुम्ही द्या" म्हटले की ती मदतीची याचना होते. १८,००० रुपये एवढ्या मोठ्या कंपनीला किरकोळ असतात. पण स्वतःचे पैसे घातले की त्यांचा माणूस शिवारफेरीला येतो, असा माझा अनुभव आहे.

संमतीचे वाक्य गाळू नका. शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक त्याला न विचारता दुसऱ्या कंपनीला देणे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मुळे, कायदा विभागाला खटकणारच. हजेरीच्या कागदावर दोन वेगळे रकाने ठेवा: एक तुमच्या संपर्कासाठी, एक त्यांच्या. एकाच सहीत दोन्ही परवानग्या घेतल्यात, तर एकाला नको म्हणणारा दोघांनाही नको म्हणतो.

उत्तर आले नाही तर आठ दिवसांनी त्याच मेलखाली एकच नवी गोष्ट कळवा, उदाहरणार्थ, निफाडच्या एका बागायतदाराने शिवारफेरीसाठी बाग द्यायला होकार दिला. "आठवण करून देत आहे" एवढ्याच मजकुराने काही साधत नाही.

होकार आलाच, तर बहुधा सोबत "इतर कोणत्याही ठिबक कंपनीबरोबर काम करू नये" ही अट येईल. ती सरसकट मान्य करू नका. या दोन तालुक्यांपुरती आणि नोव्हेंबरअखेरपर्यंतच स्वीकारा, आणि ती तारीख करारात लिहून घ्या.