राजीनाम्याआधी करारातली दोन कलमं नीट वाच

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नियुक्तिपत्र नीट वाचलं. नोकरी सोडल्यावर बारा महिने स्पर्धक कंपनीत जायचं नाही असं त्यात छापलंय, मग आलेली ऑफर नाकारायची का, असं तू विचारलंस. त्या कलमापायी ऑफर नाकारू नकोस. पण त्याची जेवढी धास्ती तू घेतली आहेस, तेवढं लक्ष त्याच्या आधीच्या पानावरच्या नोटीस पिरियडच्या कलमाकडे दिलेलं दिसत नाही. मनुष्यबळ विभागात इतकी वर्षं काढल्यावर मी खात्रीने सांगते, नव्या मुलांचे पैसे आणि झोप बहुतेक वेळा तिथेच जाते.

आधी एक कागद घे आणि मधोमध उभी रेघ मार. त्या रेघेवर लिही: रिलीव्हिंग डेट, म्हणजे कंपनीने तुला लेखी मोकळं केल्याची तारीख. राजीनामा दिल्याची तारीख नव्हे, ऑफिसात शेवटचं गेल्याचा दिवसही नव्हे. आता करारातलं प्रत्येक बंधन वाचताना एकच विचार, हे रेघेच्या अलीकडे लागू आहे की पलीकडे? आपल्याकडचा कायदा नेमका याच रेघेवर बदलतो, म्हणून कराराचा सारांशही या कागदावर तिच्याभोवतीच मांडायचा.

पलीकडची बाजू आधी घेऊ, कारण भीती तिची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम २७ सांगतं की कोणाला कायदेशीर व्यवसाय, धंदा किंवा पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. कलमात अपवाद एकच दिलाय, धंद्याची पत, म्हणजे गुडविल विकणाऱ्याचा, आणि तो तुला लागू नाही. काही देशांतली न्यायालयं बंदी वाजवी आहे का, किती महिन्यांची आहे, असं तोलून पाहतात. आपल्या न्यायालयांनी नोकरी संपल्यानंतरच्या बंदीला साधारणपणे हा तराजू लावलेला नाही. सहा महिने काय आणि दोन वर्षं काय, दुसरीकडे नोकरी करू नकोस असं सांगणारं कलम टिकत नाही.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कृष्ण मुरगई खटल्यातून करार कसा वाचायचा हे शिकण्यासारखं आहे. तिथे करारात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने कंपनी सोडल्यावर दोन वर्षं तसाच धंदा करायचा नाही. पण त्याला कंपनीनेच काढलं होतं. दोन न्यायमूर्तींनी म्हटलं, त्याने कंपनी सोडलीच नाही, त्यामुळे कलम त्याला लागू होत नाही. तिसऱ्यांनी कलम २७ खाली ती बंदीच निरर्थक ठरवली. तुझ्या पत्रात ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास’ असं आहे, म्हणजे पहिल्या दोन न्यायमूर्तींची वाट तुझ्या कंपनीने लिहितानाच बंद केली आहे. तिसरी वाट मात्र तुझ्यासाठी उघडी आहे.

त्याच कलमात एक तुकडा आणखी आहे: कंपनीच्या ग्राहकाकडेही नोकरी करायची नाही. तुला नोकरीपासून अडवण्यापुरता तोही तितकाच कमजोर. पण पुष्कळदा कंपनी आणि ग्राहक यांच्यात एकमेकांची माणसं न घेण्याचा वेगळा करार असतो. तो तुझ्यावर बंधनकारक नसला तरी ग्राहक तो पाळतो आणि ऑफर देतच नाही. तुझी नवी कंपनी ग्राहक नाही, म्हणून हे इथेच सोडते.

आता रेघेच्या अलीकडे ये. इथे चित्र उलटं होतं. १९६७ च्या गोलिकरी खटल्यात टायरसाठी लागणारा धागा बनवणाऱ्या कंपनीशी पाच वर्षांचा करार करून एक जण मध्येच स्पर्धक कंपनीत गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली, कारण कराराची मुदत चालू होती. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याचं बंधन वैध आहे, आणि नोटीस पिरियड म्हणजे नोकरीच. तुला घरी बसवून पगार दिला तरीही नोकरीच. म्हणून तू पत्रात लिहिलेला ‘जुनीकडचे शेवटचे पंधरा दिवस घरून काम आहे, तेव्हाच नवीकडे रुजू होते’ हा बेत आधी मोडून टाक. बारा महिन्यांच्या त्या ठळक अक्षरातल्या बंदीपेक्षा ते पंधरा दिवस तुला जास्त अडचणीत आणतील. शिवाय दोन्ही कंपन्यांनी भविष्य निर्वाह निधीत पैसे भरले की नोकरीच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या तिथे दिसतात आणि पुढच्या पार्श्वभूमी तपासणीत कोणीतरी विचारतंच.

मग नोटीसचं कलम. ते तुझ्या पत्रात तीन वाक्यांत संपतं आणि तिन्ही वाक्यं महत्त्वाची आहेत. पहिलं: नव्वद दिवसांची लेखी नोटीस. दुसरं: कंपनी आपल्या मर्जीनुसार उरलेल्या दिवसांचा पगार वसूल करून आधी मोकळं करू शकेल. तिसरं: नोटीसकाळात रजा घेतल्यास तेवढे दिवस नोटीस वाढेल.

दुसऱ्या वाक्यात मुलं फसतात. पैसे भरले की सुटलो, असं ते वरवर वाचताना वाटतं. पण ही मुभा कंपनीला आहे, तुला नाही. तुझी साहेब मंडळी ‘पैसे नकोत, नव्वद दिवस भर’ म्हणाली तर करार त्यांच्या बाजूने आहे. तुला हक्काने नोटीस विकत घेता येण्यासाठी ‘कर्मचारी किंवा कंपनी, कोणीही’ अशा अर्थाचं काहीतरी तिथे लिहिलेलं असावं लागतं.

आता रक्कम. नव्या कंपनीला तू साठ दिवसांत हवी आहेस, म्हणजे तीस दिवस कमी पडतात. तुझा महिन्याचा एकूण पगार ४८,००० रुपये आणि त्यातला मूळ पगार २०,००० रुपये. वसुली मूळ पगारावर असेल तर २०,००० जातील, एकूण पगारावर असेल तर ४८,०००. कलमात नुसतं ‘पगार’ म्हटलंय. मी व्याख्यांचं पान आणि पगाराचं परिशिष्ट दोन्ही पाहिलं, तिथेही ‘पगार’ म्हणजे काय हे स्पष्ट केलेलं नाही. त्यामुळे २८,००० रुपयांचा फरक एका न सांगितलेल्या अर्थावर लोंबकळतोय. हे आजच, राजीनाम्याच्या आधी, कंपनीच्या अंतर्गत धोरणात शोध. धोरण बहुतेक कंपन्यांच्या पोर्टलवर असतं आणि ते नियुक्तिपत्रापेक्षा जास्त तपशिलात बोलतं. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का, हेही तिथेच सापडेल. नवी कंपनी ही रक्कम भरून देणार असेल तर तसं ऑफर लेटरमध्ये लिहून घे. फोनवर दिलेला शब्द महिन्याभरात विसरला जातो.

सरळ निघून गेले तर, असंही तू विचारलंस. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मुळे वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही, म्हणजे तुला खुर्चीवर आणून बसवणार नाही. पण कंपनी भरपाई मागू शकते. करारात रक्कम ठरवलेली असेल तर करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मिळते, ठरलेल्या आकड्याच्या मर्यादेत. बाँड असता तर मी आणखी जपून बोलले असते. एका सरकारी बँकेच्या तीन वर्षांच्या बाँडची दोन लाख रुपयांची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. तुझ्या पत्रात बाँड नाही. तरी खटल्यापेक्षा जवळचा त्रास वेगळाच असतो: रिलीव्हिंग लेटर अडकतं, शेवटचा हिशेब रखडतो, नोंदीत ‘न कळवता गैरहजर’ असा शेरा बसतो. नव्या कंपनीला तेच पत्र पहिल्या दिवशी हवं असतं.

पलीकडच्या बाजूला एक गोष्ट खरोखर टिकते, ती म्हणजे गोपनीयता. नोकरी कुठे करायची ते तुझं, पण ग्राहकांच्या याद्या, दरपत्रकं, कोड, सादरीकरणं कंपनीची. राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात स्वतःच्या मेलवर पाठवलेली एक फाइल पुरेशी होते, आणि कंपन्या राजीनामा आला की मागच्या काही आठवड्यांचं मेल-वाहतुकीचं रजिस्टर काढून बघतात. तुझं काम नमुना म्हणून दाखवायचं असेल तरी फाइल घेऊ नकोस. सहकाऱ्यांना ओढून न नेण्याचं कलमही आहे. निदान वर्षभर कोणाला आपणहून ‘इकडे ये’ असा निरोप पाठवू नकोस.

तुझ्या कागदावर शेवटी एवढं उतरायला हवं:

“रिलीव्हिंग डेटपर्यंत मी इथलीच कर्मचारी, दुसरीकडे काम नाही. नोटीस नव्वद दिवस, लेखी राजीनाम्यापासून. रजा घेतली तर वाढते. लवकर सोडणं कंपनीच्या मर्जीवर, वसुली २०,००० की ४८,००० ते अजून अनुत्तरित. रिलीव्हिंग डेटनंतर: बारा महिन्यांची स्पर्धाबंदी कागदावर आहे, कलम २७ मुळे ती लागू करणं कंपनीला अवघड. गोपनीयता कायम. सहकाऱ्यांना बोलावणं बंद.”

नव्या कंपनीच्या कागदांत एक घोषणापत्र असेल: ‘माझ्यावर कोणत्याही आधीच्या कराराचं बंधन नाही.’ त्यावर डोळे मिटून सही करू नकोस. स्पर्धाबंदीचं कलम आहे हे त्यांच्या मनुष्यबळ विभागाला सहीच्या आधी मेलवर कळव, कलमाचा मजकूर तसाच उतरवून. बहुतेक जण वाचून ‘ठीक आहे’ म्हणतात. पण उद्या जुन्या कंपनीची नोटीस आली तर तू काही लपवलं नव्हतंस हे तुझ्या हातात असेल. तशी नोटीस आलीच तर फोनवर काही कबूल करू नकोस, कागद घेऊन नोकरीविषयक खटले लढणाऱ्या वकिलाकडे जा.

राजीनामा धाडण्याआधी धोरण शोध. ते पोर्टलवर सापडलं नाही तर मनुष्यबळ विभागाला विचारण्यावाचून पर्याय नाही, पण मग तुझा विचार त्यांना कळला असं धरूनच चाल. राजीनाम्याच्या मेलमध्ये हे प्रश्न जोड आणि उत्तर मेलवरच माग:

“माझा शेवटचा कामाचा दिवस कोणता धरला जाईल, ते कृपया कळवावे. साठ दिवसांनी मुक्त करणे शक्य असल्यास, उरलेल्या तीस दिवसांची वसुली मूळ पगारावर होईल की एकूण पगारावर, आणि माझी शिल्लक रजा त्यातून वजा होईल का?”

उत्तर आलं की मला पुढे पाठव. तोवर नव्या कंपनीला रुजू होण्याची पक्की तारीख देऊ नकोस.

तुझी,
मावशी