गायकाच्या कानावर क्लोज्ड-बॅकच हवा

प्रश्न: घरच्या स्टुडिओसाठी सध्या एकच हेडफोन परवडेल. गाणी रेकॉर्डही करायची आहेत आणि मिक्सही. ओपन-बॅक घेऊ की क्लोज्ड-बॅक?

क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद वाट्यांचा, घ्या. मिक्समध्ये काही चुकले तर ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, पण हेडफोनमधून माइकवाटे गायकाच्या ट्रॅकमध्ये शिरलेली आवाजाची गळती पुढे कशानेही पूर्ण निघत नाही. मी हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण लातूरच्या एका स्टुडिओत सहायक असताना याच मुद्द्यावरून मालकांशी माझा वाद झाला होता आणि त्याची किंमत एका चांगल्या गायकाने मोजली.

भजनी मंडळातले एक ज्येष्ठ बुवा अभंग गायला आले होते. त्यांना ऐकण्यापुरती कच्ची पेटी आणि लय धरणारी टकटक, म्हणजे क्लिक, दिली होती. खरी पेटी आणि पखवाज नंतर भरायचे होते. मी क्लोज्ड-बॅक पुढे केला, तेव्हा ‘तो शिकाऊ पोरांसाठी असतो’ असे म्हणून मालकांनी स्वतःचा महागडा ओपन-बॅक बुवांच्या कानांवर चढवला. ओपन-बॅकच्या वाट्या मागून जाळीदार असतात, त्यामुळे बुवांचा स्वतःचा खडा आवाज थेट कानात शिरत होता आणि त्याखाली पेटी दबत होती. बुवा ‘जरा वाढवा’ म्हणत गेले, मालक वाढवत गेले, आणि वीतभर अंतरावरच्या कंडेन्सर माइकने ते सगळे टिपले.

गाणे चालू असताना कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे आवाजावर कॉम्प्रेसर लावला, तेव्हा गळती उघडी पडली. जोरकस सूर ८ डेसिबलने दाबून एकूण पातळी तेवढीच वर आणली, की दोन ओळींमधल्या विरामातली टकटकही ८ डेसिबलने वर येते. त्याहून वाईट गोष्ट कच्च्या पेटीची झाली. नंतर वाजवलेली पेटी दुसरी होती आणि तिचे सूर जुन्या पेटीशी किंचित जुळत नव्हते, त्यामुळे प्रत्येक लांब सुराखाली दोन पेट्यांची थरथर ऐकू येत होती. ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे गेट लावून विराम साफ झाले, परंतु सुरांच्या शेपट्या तुटल्या आणि गाण्याखालची गळती तशीच राहिली. मालकांनी दोष माइकला आणि खोलीला दिला.

ही गळती टेकच्या आधीच तपासता येते. हेडफोन गायकाच्या कानांवर असू द्या, त्यांना गप्प उभे करा, ते गाताना ठेवतील त्याच पातळीवर गाइड ट्रॅक, म्हणजे कच्ची साथ आणि क्लिक, वाजवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग तो तुकडा भरपूर वाढवून ऐका. खोलीच्या स्वाभाविक आवाजात क्लिक ओळखू येत असेल, तर आधी हेडफोनची पातळी कमी करा आणि क्लिकचा तीक्ष्ण ठोका बदलून बोथट ठोका घ्या. शेवटचा सूर विरत असताना क्लिक बंदच असावी.

क्लोज्ड-बॅकविरुद्धचा एक मुद्दा मात्र खरा आहे. बंद वाट्यांत गायकाला स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो, सुराचा अंदाज चुकतो आणि तो एक वाटी बाजूला सारतो. त्यावरचा उपाय ओपन-बॅक हा नाही. सारलेल्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करा, ती वाटी डोक्याला टेकलेली राहू द्या आणि दुसऱ्या कानात त्यांचाच आवाज थोड्या रिव्हर्बसह द्या. आमच्याकडचे बहुतेक भजनी गायक असेच मोकळे गातात.

मिक्सिंगला ओपन-बॅक सरस ठरतो, कारण वाटीत आवाज कोंडत नाही आणि रिव्हर्ब व वाद्यांच्या जागा अधिक स्पष्ट कळतात. क्लोज्ड-बॅकमध्ये खर्ज फुगतो, पखवाजाची धुमाची बाजू आहे त्याहून भरीव वाटते, तुम्ही ती कमी करता आणि स्पीकरवर पखवाज पोकळ वाजतो. म्हणून तुमच्या ओळखीचे, त्याच प्रकारचे एखादे ध्वनिमुद्रण त्याच हेडफोनवर अधूनमधून ऐकत चला आणि खर्जाचा अंतिम निर्णय स्पीकरवर किंवा गाडीत करा. चष्म्याच्या काडीमुळे वाटी नीट बसली नाही, तर उलट खर्ज कमी ऐकू येतो, हेही ध्यानात ठेवा. शिवाय ओपन-बॅक बाहेरचे काहीच अडवत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून त्यावर बारीक रिव्हर्ब ठरवता येत नाही.

सेमी-ओपन घेऊन दोन्ही साधेल असे दुकानदार सांगतात, पण माइकसमोर तोही गळतोच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा क्लोज्ड-बॅक आणि डीटी ९९० प्रो हा ओपन-बॅक आहे. दिसायला दोन्ही सारखे असल्याने मागवताना क्रमांक नीट पाहा. तुम्ही फक्त कीबोर्ड थेट वायरने रेकॉर्ड करणार असाल आणि माइक वापरणारच नसाल, तर माझे वरचे गळतीचे म्हणणे तुम्हाला लागू नाही. तेव्हा खुशाल ओपन-बॅक घ्या.