माफी वाचताना अट वाच

प्रिय मित्रा,

मंगोल खान खरोखरच सहिष्णू होते की तो सारा कावा होता, असे तू पत्रात विचारले आहेस. शहरेच्या शहरे उजाड करणारे लोक धर्मगुरूंना करमाफी देतात आणि परस्परविरोधी पंथांच्या पंडितांना समोरासमोर बसवून त्यांचे वाद ऐकतात, हे तुला जुळत नाही. तुझी अडचण मला समजते, पण तुझा प्रश्न मला पटत नाही. खानाच्या मनात काय होते ते शोधत बसू नकोस. त्याने काय लिहून दिले आणि बदल्यात काय मागितले ते पाहा. माफी वाचताना अट वाच.

रशियावर हुकूमत असलेल्या सुवर्ण टोळी या मंगोल शाखेच्या मोंग्के तैमूर खानाने 1267 साली रशियन चर्चला दिलेले फर्मान समोर घे. खंडणी, नांगरपट्टी, टपालचौक्यांचा भार, लष्करी चाकरी या साऱ्यांतून पाद्री मोकळे झाले. त्यांच्या धर्माची निंदा करणाऱ्याला मृत्युदंड सांगितला. एवढे वाचून लोक भारावतात आणि पुस्तक मिटतात. पुढे लिहिले आहे, की त्यांनी खानासाठी व त्याच्या वंशासाठी शुद्ध मनाने प्रार्थना करावी. पाद्र्याचा भाऊ किंवा मुलगा एकाच घरात, एकाच भाकरीवर राहत असेल तर त्यालाही माफी आहे; वेगळे बिऱ्हाड केले की त्याच्यावर कर लागू होतो. एवढ्या बारकाईने कारकुनी करणाऱ्या राज्यात केवळ उदारपणा शोधणे हा भाबडेपणा आहे. प्रार्थना ही तिथे सेवा होती आणि करमाफी हा तिचा मोबदला होता.

आता या माफीचा वादसभांशी संबंध बघ, कारण तुझ्या पत्रात ही दोन प्रकरणे वेगळी पडली आहेत. चंगीझ खानाने 1223 मध्ये च्यु छूजी या ताओ गुरूला त्याच्या शिष्यपरिवारासाठी करमाफी दिली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या उत्तर चीनमध्ये अशा माफीचे मोल काय असेल याचा विचार कर. पंथ फुगत गेला आणि ओस पडलेली, काही ठिकाणी चालू असलेलीही, बौद्ध मंदिरे ताओ पंथीयांच्या हाती गेली. शिवाय आपला आद्यगुरू लाओत्से पश्चिमेला जाऊन बुद्ध झाला, असे सांगणारा ग्रंथ ते पसरवीत होते. बौद्धांनी तक्रार केली. तेव्हाचा मंगोल सम्राट मोंके खान याच्या आज्ञेने 1258 मध्ये त्याचा भाऊ कुबलाई याच्या कैपिंग येथील दरबारात दोन्ही बाजूंचे सतरा-सतरा जण उभे राहिले. तरुण तिबेटी भिक्षू फाग्स्पा याने सरळ विचारले, की लाओत्सेच्या या कथेचा उल्लेख तुमच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे काय? नव्हता. ताओ पंथीय हरले, त्यांच्या सतरा जणांचे मुंडण करून त्यांना भिक्षू केले गेले, खोटे ठरलेले ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला आणि दोनशेहून अधिक मंदिरे परत करायला लावली. मिळकतीचा आणि दस्तऐवजाच्या खरेपणाचा हा निवाडा होता. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यात बनावट सनदेचे जे होई, तेच इथे पोथीचे झाले.

मंगोल राजधानी काराकोरममधला 1254 चा वाद मात्र वेगळ्या जातीचा होता. फ्रान्सिस्कन संन्यासी रुब्रुकचा विल्यम तिथे ख्रिस्ती बाजूने बोलला. एक ख्रिस्ती, एक मुसलमान आणि एक बौद्ध असे तीन पंच होते, आणि अपशब्द वापरणाऱ्यास मृत्युदंड होता. एकही देव सर्वशक्तिमान नाही असे बौद्ध पंडिताला म्हणावे लागले तेव्हा मुसलमान खो खो हसले, असे विल्यमनेच लिहून ठेवले आहे. कोणीही धर्म बदलला नाही, शेवटी सगळे भरपूर प्यायले. तिथे मंदिरे पणाला लागलेली नव्हती, म्हणून कोणी हरलेही नाही. दोन्ही सभांना 'धर्मसंवाद' असे एकच नाव देऊ नकोस. असे मोघम लेखन वाचून माझा जीव विटला आहे.

मी हे फार ताणतो असे तुला वाटेल. याच विषयावरच्या माझ्या लेखाला एका संपादकांना 'सर्वधर्मसमभावी खान' असे शीर्षक हवे होते. मी ते नाकारले आणि लेख परत आला. तो अप्रकाशित राहिला याची खंत आहे. शीर्षक नाकारल्याची नाही. ते शीर्षक दिले असते, तर पुढची गोष्ट मला लेखातून गाळावी लागली असती.

पुढे स्वतः खान झालेल्या कुबलाईने 1280 च्या सुमारास मुसलमानांना त्यांच्या पद्धतीने जनावर कापायला बंदी केली. त्याच्या दरबारात मुसलमान अर्थमंत्री होते, मुसलमान धर्मगुरूंना करमाफी होती, तरीही केली. खानाच्या ताटातले अन्न मुसलमान पाहुण्यांनी नाकारले हे त्याला खपले नाही. गळा चिरणाऱ्याला मृत्युदंड आणि चुगली करणाऱ्याला आरोपीची मालमत्ता, असा तो हुकूम होता. काही वर्षांनी तो मागे घेतला गेला. व्यापारी येईनासे झाले होते, जकात घटली होती आणि दुर्मीळ माल मिळत नव्हता, हेच कारण त्याला सांगितले गेले होते.

तुझा,
एक जुना वाचक